फोनवरचा खेळ टीव्हीच्या पडद्यावर : केबल, बिनतारी जोडणी आणि विलंबाचा प्रश्न

फोनवर चालणारा खेळ टीव्हीच्या पडद्यावर आणण्याच्या ज्या पद्धती आज प्रचलित आहेत, त्या सर्वांत खेळ प्रत्यक्षात फोनमध्येच चालत असतो आणि टीव्हीकडे जाते ते केवळ चित्र आणि आवाज. बोटाचा स्पर्श किंवा गेमपॅडचे बटण फोनला कळते, फोनचा प्रोसेसर त्यानुसार खेळाची पुढची स्थिती ठरवतो, त्या स्थितीचे चित्र तयार होते आणि मग ते चित्र टीव्हीपर्यंत पोहोचते. खेळाडूची कृती आणि तिचा पडद्यावर दिसणारा परिणाम यांच्यात पडणाऱ्या या अंतराला इनपुट लॅग म्हणतात आणि ते मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजले जाते. या विषयावरची बहुतेक चर्चा ‘केबल बरी की बिनतारी जोडणी बरी’ या प्रश्नाभोवती फिरते. तो प्रश्न खराच आहे, परंतु त्याआधी दोन गोष्टी निश्चित कराव्या लागतात: खेळणाऱ्याची नजर कोणत्या पडद्यावर आहे, आणि होणारा विलंब स्थिर आहे की क्षणाक्षणाला बदलणारा आहे. त्यांपैकी दुसरी गोष्ट फारशी कोणी तपासत नाही आणि बहुतेक तक्रारींचे मूळ मात्र तिच्यातच सापडते.

नजरेचा मुद्दा तुलनेने सोपा आहे. फोन हातात धरून, फोनच्याच पडद्याकडे पाहत खेळणाऱ्याला टीव्हीवरचे चित्र अर्ध्या सेकंदाने मागे असले तरी काही फरक पडत नाही, कारण टीव्ही त्याच्यासाठी नसून बाजूला बसलेल्या प्रेक्षकांसाठी असतो. नवी मुंबईत तयार झालेला ‘लूडो किंग’ हा खेळ घरातल्या चौघांनी एकच फोन आळीपाळीने फिरवत टीव्हीवर खेळला, तर अगदी स्वस्तातली बिनतारी जोडणीही पुरते. फासा पडल्यावर सोंगटी कधी हलवायची याला तेथे वेळेचे बंधन जवळजवळ नसते. खेळाडू टीव्हीकडे पाहून खेळू लागला की प्रश्न बदलतो आणि विलंबाच्याही आधी एक वेगळी अडचण उभी राहते. काचेवर चितारलेली बटणे बोटाला स्पर्शाने ओळखू येत नाहीत, त्यामुळे नजर टीव्हीवर असताना अंगठा हळूहळू जागेवरून सरकतो आणि चुकीच्या ठिकाणी पडतो. पुष्कळदा ‘लॅग’ म्हणून सांगितला जाणारा दोष हा प्रत्यक्षात सरकलेल्या अंगठ्याचा असतो. त्यामुळे टीव्हीकडे पाहून खेळायचे असेल तर गेमपॅड जवळजवळ आवश्यक ठरतो, तो टीव्हीला न जोडता फोनलाच जोडावा लागतो, आणि खेळानेही गेमपॅड स्वीकारलेला असावा लागतो. ‘अस्फाल्ट’ मालिकेतले मोटारशर्यतीचे खेळ किंवा ‘कॉल ऑफ ड्यूटी: मोबाइल’ तो स्वीकारतात, अनेक खेळ स्वीकारत नाहीत, आणि अशा खेळांपुरता टीव्ही प्रेक्षकांसाठीच ठेवणे शहाणपणाचे.

केबलच्या मार्गाचा विचार करताना एक साधे गणित लक्षात घेतले तर पुढचा सारा गुंता सुटतो. 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी 24 बिट, आणि सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 स्वतंत्र चित्रे, असा हिशेब केला तर दर सेकंदाला सुमारे 3 अब्ज बिट वाहून न्यावे लागतात. यूएसबी 2.0 या जुन्या मानकाची कमाल क्षमता सेकंदाला 48 कोटी बिटांची आहे. म्हणजे फोनच्या तळाशी असलेल्या खाचेत केवळ यूएसबी 2.0 ची जोडणी असेल, तर कोणतीही केबल लावून हे चित्र जसेच्या तसे बाहेर काढता येणार नाही. खाचेचा आकार टाइप-सी आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण त्याच आकाराच्या खाचेमागे आत कोणत्या तारा जोडल्या आहेत हे बाहेरून दिसत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या कमी आणि मध्यम किमतीच्या बहुसंख्य फोनांत टाइप-सीच्या खाचेमागे यूएसबी 2.0 च असते, आणि दुकानातून ‘टाइप-सी ते एचडीएमआय’ केबल आणणाऱ्याची निराशा होते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

चित्र न दाबता, मूळ स्वरूपात बाहेर काढण्याच्या पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 2010 नंतरच्या काही वर्षांत एमएचएल आणि स्लिमपोर्ट या दोन पद्धती मायक्रो-यूएसबीच्या खाचेतून चित्र काढत असत. आज त्या जवळजवळ कालबाह्य आहेत. 2014 मध्ये व्हेसा या संस्थेने टाइप-सीसाठी डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड जाहीर केला. या पद्धतीत खाचेतल्या वेगवान तारांच्या जोड्या तात्पुरत्या चित्रवहनासाठी वापरल्या जातात आणि केबलच्या टोकाशी असलेली छोटी चिप त्या संकेताचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करते. हे रूपांतर करताना संपूर्ण फ्रेम साठवून ठेवण्याची गरज नसते, चित्राच्या काही ओळी हाताशी असल्या की पुरे, त्यामुळे या मार्गाने पडणारी भर एका फ्रेमच्या कालावधीपेक्षा, म्हणजे सुमारे 17 मिलिसेकंदांपेक्षा, बरीच कमी असते. सॅमसंगच्या एस मालिकेत 2017 च्या एस8 पासून ही सोय आहे, अ‍ॅपलच्या फोनांत ती 2023 च्या आयफोन 15 सोबत टाइप-सी खाच आल्यावर आली. गूगलच्या पिक्सेल 8 मालिकेतील फोनांत यंत्रणा आधीपासून असूनही सॉफ्टवेअरने ती बंद ठेवलेली होती आणि 2024 च्या जूनमधील अपडेटने ती खुली झाली. फोन घेण्यापूर्वी तपशीलपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधावा, यूएसबी 3.1 किंवा 3.2 असा उल्लेख आशादायक असला तरी तेवढाच पुरावा म्हणून पुरेसा नाही.

केबल दिसली म्हणजे चित्र मूळ स्वरूपातच जात असेल असे मात्र नाही, आणि या क्षेत्रातला सर्वांत फसवा भाग हाच आहे. अ‍ॅपलच्या जुन्या लाइटनिंग खाचेतून एचडीएमआय काढणारे अधिकृत अ‍ॅडॅप्टर 2013 मध्ये पॅनिक या सॉफ्टवेअर कंपनीने उघडून पाहिले, तेव्हा आत चक्क एक छोटा संगणक सापडला: फोन चित्र दाबून पाठवत होता आणि अ‍ॅडॅप्टरमधला प्रोसेसर ते उलगडत होता. बाहेरून साधी केबल वाटणारी वस्तू आतून बिनतारी पद्धतीसारखीच काम करत होती, फक्त हवेऐवजी तारेतून. आज बाजारात मिळणारी अनेक स्वस्त अ‍ॅडॅप्टरे याच जातीची असतात आणि ती ओळखण्याच्या खुणा स्पष्ट आहेत. जोडताच एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगणारे, फोनच्या डेव्हलपर पर्यायांमधले यूएसबी डीबगिंग चालू करायला लावणारे, आयफोनवर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असा प्रश्न उभा करणारे किंवा स्वतःचे वाय-फाय नाव दाखवणारे अ‍ॅडॅप्टर चित्र दाबूनच नेत असते. खऱ्या डिस्प्लेपोर्ट जोडणीत यांपैकी काहीच घडत नाही. केबल लावल्यावर एक-दोन सेकंदांत चित्र टीव्हीवर उमटते. दाबून नेणारे अ‍ॅडॅप्टर निरुपयोगी असते असे नाही, कारण तारेत रेडिओ लहरींचा गोंधळ नसल्याने त्याचा विलंब बहुधा स्थिर राहतो. परंतु त्याच्याकडून खऱ्या केबलची अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे.

बिनतारी मार्गात चित्र दाबणे अपरिहार्य असते. वर सांगितलेले 3 अब्ज बिट हवेतून नेणे घरगुती वाय-फायला झेपणारे नसल्याने फोनमधील एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारे यंत्रांग, त्यांचे सेकंदाला 1 कोटी बिटांच्या आसपास, म्हणजे सुमारे 300 पटींनी कमी, असे रूपांतर करतो. हे साधते ते लागोपाठच्या दोन फ्रेममधला फक्त फरक पाठवून. म्हणून स्थिर पटावरचा खेळ कमी बिटांत मावतो आणि वेगाने फिरणाऱ्या दृश्याचा खेळ धूसर दिसतो. दाबण्याला वेळ लागतो, पाठवण्याला लागतो, टीव्हीतील डिकोडरला चित्र उलगडायला लागतो. मात्र या तिन्हींपेक्षा मोठा वाटा पुष्कळदा चौथ्या गोष्टीचा असतो. हवेतून येणारी पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, कधी लवकर तर कधी उशिरा पोहोचतात, आणि चित्र अडखळू नये म्हणून टीव्ही ती थोडा वेळ साठवून मगच दाखवायला घेतो. या साठवणीला बफर म्हणतात. चित्रपट पाहताना मोठा बफर ही सोय असते, कारण प्रेक्षकाला अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवत नाही पण अडखळणे लगेच जाणवते. खेळाडूच्या दृष्टीने नेमके याच्या उलट असते. टीव्हीवरची बहुतेक बिनतारी सोय चित्रपट पाहणारा डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली आहे, खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून नव्हे, हे एकदा समजले की तिच्या वागण्याचे आश्चर्य वाटत नाही.

प्रचलित बिनतारी पद्धती मुख्यतः तीन आहेत. वाय-फाय अलायन्सने 2012 मध्ये आणलेली मिराकास्ट पद्धत फोन आणि टीव्ही यांना राउटर टाळून थेट जोडते आणि निरनिराळ्या उत्पादकांच्या फोनांत ती ‘स्मार्ट व्ह्यू’, ‘स्क्रीन कास्ट’ किंवा ‘वायरलेस डिस्प्ले’ अशा नावांनी दिसते. अ‍ॅपलचे एअरप्ले आरशासारखे पूर्ण चित्र 2011 पासून पाठवते. 2013 च्या क्रोमकास्टपासून सुरू झालेल्या गूगल कास्टचा मूळ हेतू निराळा होता: त्यात यूट्यूबसारख्या अ‍ॅपमधून टीव्हीला केवळ पत्ता कळवला जातो आणि टीव्ही तो व्हिडिओ थेट इंटरनेटवरून उचलतो. यालाच काटेकोर अर्थाने कास्टिंग म्हणतात, तर पडद्याचे जिवंत चित्र सतत पाठवत राहण्याला मिररिंग. खेळाचे चित्र इंटरनेटवर कोठेच तयार नसते, त्यामुळे गूगल कास्ट वापरले तरी खेळासाठी ते मिररिंगच असते. एखाद्या टीव्हीवर यूट्यूब निर्वेध चालते आणि खेळ मात्र रखडतो, यात विसंगती नाही ती एवढ्यासाठीच. तिन्हींची तुलना करता, चांगल्या परिस्थितीत मिराकास्ट आणि एअरप्ले साधारण सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या भागापर्यंत मागे राहतात आणि गूगल कास्टचे मिररिंग बहुधा त्याहून अधिक मागे असते. पण फोन, टीव्ही आणि घर बदलले की हे आकडे इतके बदलतात की कोणत्याही तक्त्यापेक्षा स्वतः केलेली मोजणी अधिक भरवशाची.

रेडिओ लहरींच्या बाजूने होणारा बिघाड मात्र बराचसा घरातल्या रचनेवर अवलंबून असतो. राउटरमार्गे जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक पॅकेट दोनदा हवेत जाते, एकदा फोनकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून टीव्हीकडे, आणि दोन्ही वेळा एकाच वाहिनीवरची जागा व्यापते. टीव्ही राउटरला लॅन केबलने जोडला की यातला दुसरा फेरा संपतो आणि फोनला पूर्ण वाहिनी मिळते. मिराकास्टची खोच वेगळी आहे. फोन टीव्हीशी एका वाहिनीवर थेट जोडलेला असतानाच इंटरनेटसाठी राउटरशी दुसऱ्या वाहिनीवर जोडलेला असेल, तर अनेक फोनांतील एकच रेडिओ आळीपाळीने दोन्ही वाहिन्यांवर जातो आणि तो राउटरकडे गेलेला असताना टीव्हीकडची पॅकेट ताटकळतात. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर शेजाऱ्यांचे राउटर, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ या साऱ्यांचीच गर्दी असते, आणि खेळाडूचा बिनतारी गेमपॅड ब्लूटूथच वापरतो. म्हणजे कृती आणि चित्र एकाच अरुंद रस्त्यावर एकमेकांच्या आड येतात. अशा वेळी वाय-फाय 5 गिगाहर्ट्‌झवर नेणे आणि गेमपॅड शक्य असल्यास यूएसबी केबलने फोनला जोडणे हे दोन उपाय सर्वांत फलदायी ठरतात, आणि त्यांना खर्चही नगण्य येतो.

टीव्ही स्वतः किती वेळ घेतो याकडे आश्चर्यकारक दुर्लक्ष होते. आलेले चित्र टीव्ही लगेच दाखवत नाही. तो त्यातला दाणेदारपणा काढतो, रंग उजळतो, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः तयार केलेली फ्रेम घालतो, ज्यासाठी त्याला पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावेच लागते. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन अशा नावांनी मिळणारी ही सोय चालू असताना टीव्हीचा विलंब शंभर मिलिसेकंदांच्या आसपास वा त्याहून पुढे जाऊ शकतो, तर गेम मोड लावल्यावर, म्हणजे ही सगळी प्रक्रिया वगळल्यावर, तोच टीव्ही दहा-वीस मिलिसेकंदांत चित्र दाखवू शकतो. महागडी केबल आणूनही लॅग जात नाही अशा तक्रारीत पहिला संशय गेम मोड बंद असण्याचाच घ्यावा. 2017 च्या एचडीएमआय 2.1 मानकात जोडलेल्या उपकरणाने टीव्हीला आपोआप गेम मोडमध्ये नेण्याची तरतूद आहे, तरी फोन ती सूचना पाठवेल यावर विसंबू नये आणि तो मोड हाताने लावावा. बिनतारी पद्धतीची एक छुपी अडचणही येथे दिसते: अनेक टीव्हींत गेम मोड हा एचडीएमआयच्या इनपुटपुरताच लागू होतो आणि टीव्हीच्या आतल्या मिररिंग अ‍ॅपला तो मिळत नाही. तसे असेल तर टीव्हीतील सोय सोडून एचडीएमआयच्या खाचेत बसणारे वेगळे स्ट्रीमिंग उपकरण वापरणे आणि त्या इनपुटला गेम मोड लावणे उपयोगी पडते.

विलंब मोजण्याची पद्धत साधी आहे आणि तिला विशेष उपकरण लागत नाही. फोनवर सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारे स्टॉपवॉच सुरू करावे, फोन टीव्हीच्या शेजारी अशा तऱ्हेने धरावा की दोन्हीकडचे आकडे साधारण एकाच उंचीवर येतील, आणि दुसऱ्या फोनने दोन्ही पडदे एकाच छायाचित्रात टिपावेत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फोनच्या पडद्यापासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत पडलेली भर. एकाच उंचीचा आग्रह यासाठी की कॅमेरा आणि टीव्ही दोघेही चित्र वरून खाली ओळीओळीने घेतात वा काढतात, त्यामुळे उंचीत फरक असल्यास मोजणीत काही मिलिसेकंदांची चूक शिरते. 60 हर्ट्‌झच्या पडद्यावर आकडा दर 17 मिलिसेकंदांनीच बदलत असल्याने एका छायाचित्राचे मोल फार नसते. दहा-बारा छायाचित्रे घेऊन सरासरी पाहावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या फरकातले अंतर पाहावे. सेकंदाला 240 फ्रेम टिपणारे स्लो-मोशन चित्रीकरण उपलब्ध असेल तर अचूकता आणखी वाढते, कारण त्यातली प्रत्येक फ्रेम सुमारे 4 मिलिसेकंदांची असते. अशा चित्रीकरणात बोटाने बटण दाबल्याचा क्षणही टिपला, तर फोनचा स्वतःचा विलंब धरून एकूण विलंब मिळतो.

या मोजणीचा अर्थ काय लावायचा हे एका क्रिकेटच्या खेळाच्या आधारे नीट उलगडते. उदाहरणादाखल असे धरू की यूएसबी 2.0 असलेला फोन मिराकास्टने टीव्हीला जोडला आहे, फोनचे वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्‌झवर आहे, गेमपॅड ब्लूटूथवर आहे, आणि पाच छायाचित्रांत 210, 190, 340, 200 आणि 280 मिलिसेकंद असे फरक मिळाले. सरासरी 244 येते आणि टोकांमधले अंतर 150. मग वाय-फाय 5 गिगाहर्ट्‌झवर नेले, गेमपॅड केबलने जोडला, आणि फरक 150, 160, 150, 170, 160 असे आले; सरासरी 158, टोकांमधले अंतर अवघे 20. आता खेळात चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून बॅटपर्यंत यायला 800 मिलिसेकंद लागतात, आणि फटका अचूक मानला जाण्यासाठी बटण 80 मिलिसेकंदांच्या पट्टीत दाबले जावे लागते, असेही धरू. सरासरीकडे पाहिले तर 244 वरून 158 ही सुधारणा मध्यमच वाटेल. टोकांमधले अंतर पाहिले तर चित्र पालटते. दुसऱ्या परिस्थितीत टीव्हीवरचा चेंडू प्रत्येक वेळी मार्गाचा जवळजवळ पाचवा भाग मागे असतो, आणि चेंडू बॅटपासून तेवढा दूर दिसत असतानाच बटण दाबायचे ही सवय काही षटकांत हाताला लागते. 20 मिलिसेकंदांची चलबिचल 80 च्या पट्टीत आरामात सामावते. पहिल्या परिस्थितीत मात्र कोणताही अंदाज टिकत नाही, कारण एका चेंडूला योग्य ठरलेली वेळ पुढच्या चेंडूला 150 मिलिसेकंदांनी चुकू शकते आणि पट्टी 80 चीच आहे. खेळाडू तेथे सुधारत नाही, केवळ चिडतो. विलंबातल्या या चलबिचलीला जिटर म्हणतात, आणि खेळण्याजोगे की नाही हे विलंबाच्या आकारापेक्षा अधिक वेळा तिच्यावरच ठरते.

जिटर आणि विलंब यांची देवाणघेवाण वापरणाऱ्याच्या हाती उघडपणे सोपवणारे एक साधन म्हणून जेनीमोबाइल कंपनीने 2018 मध्ये खुल्या स्रोतासह प्रसिद्ध केलेल्या `scrcpy` चा उल्लेख करायला हवा. ते अँड्रॉइड फोनचे चित्र यूएसबी केबलने संगणकावर आणते. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असेल तर डिस्प्लेपोर्ट नसलेल्या फोनसाठी हा मार्ग बहुतेक बिनतारी पद्धतींपेक्षा सरस ठरतो. चित्र यातही दाबले जाते, पण तारेतून आणि जवळजवळ बफरविना जाते, आणि त्याचे निर्माते फोन ते संगणक हा विलंब 35 ते 70 मिलिसेकंद असल्याचे सांगतात; टीव्हीचा स्वतःचा विलंब त्यात मिळवायचा. फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करून पुढील आज्ञा दिली की लांब बाजू 1280 ठिपक्यांवर आणि फ्रेम सेकंदाला 60 वर मर्यादित होतात:

```
scrcpy --max-size=1280 --max-fps=60 --no-audio
```

ठिपके कमी केल्याने एन्कोडरवरचा भार हलका होतो आणि स्पष्टतेत झालेली घट टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर बसलेल्या खेळाडूला फारशी बोचत नाही. चित्र अडखळत असेल तर `--video-buffer=50` जोडून 50 मिलिसेकंदांचा बफर मुद्दाम पत्करता येतो. विलंब तेवढा वाढतो आणि बदल्यात चलबिचल कमी होते. चित्रपटाच्या सोयीने ठरलेला मोठा बफर लादून घेण्याऐवजी तो किती असावा हे खेळाडूने ठरवावे, एवढेच येथे वेगळे आहे.

वरच्या आज्ञेतील शेवटचा भाग आवाज फोनवरच ठेवतो, आणि ते अनाठायी नाही. आवाजाचा विलंब चित्राच्या विलंबापासून स्वतंत्र असतो, आणि ब्लूटूथ हेडफोन बिनतारी मिररिंगच्या बरोबरीने उशीर करू शकतात. टीव्हीवर गेम मोड लावून चित्र वेगवान केले आणि कानात ब्लूटूथ राहिले, तर गोळी आधी दिसते आणि तिचा आवाज मागाहून येतो. फोनच्या स्पीकरचा किंवा तारेच्या हेडफोनचा आवाज यापेक्षा बरा, मात्र बिनतारी मिररिंगमध्ये तो चित्राच्या पुढे धावेल हेही गृहीत धरावे लागते.

आणखी दोन दोष लॅगच्या नावाने खपतात. मिररिंग करताना फोनला खेळ आणि एन्कोडिंग ही दोन्ही कामे करावी लागतात, शिवाय चार्जर लावलेला असेल तर बॅटरीही तापते. वीसेक मिनिटांनी तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि खेळच सेकंदाला कमी फ्रेम देऊ लागतो. तो दोष ओळखण्याची खूण अशी की तेव्हा फोनच्या पडद्यावरही खेळ अडखळत असतो. दुसरे म्हणजे चित्राचा आकार: 2400 गुणिले 1080 ठिपक्यांचा लांबट पडदा 1920 गुणिले 1080 च्या टीव्हीवर 1920 गुणिले 864 एवढाच मावतो आणि वर-खाली प्रत्येकी 108 ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या उरतात. टीव्हीच्या सेटिंगमधून चित्र ताणून त्या घालवल्या तर प्रमाण बिघडते, आणि काही टीव्ही त्यासाठी चित्रावर जादा प्रक्रिया करतात.

विलंब शक्य तितका घटवल्यावर जो उरतो तो खेळाच्या आतून भरून काढण्याची सोय काही प्रकारच्या खेळांत असते. ताल धरून बटणे दाबण्याच्या खेळांत कॅलिब्रेशनचा पर्याय मिळतो: खेळाडू ठरावीक ठोक्यांवर बटण दाबतो, खेळ त्याचा सरासरी उशीर काढतो आणि पुढे निकाल देताना तेवढी सूट देतो. ही सूट एका विशिष्ट जोडणीसाठी असते, त्यामुळे टीव्ही, त्याचा मोड वा हेडफोन यांतले काहीही बदलले की ती नव्याने मोजावी लागते, आणि जिटर मोठा असेल तर तिचा उपयोग होत नाही, कारण वजा करायला एक आकडाच शिल्लक राहत नाही. शिवाय ती फक्त अंदाजाने साधायच्या कौशल्याला मदत करते. वरच्या क्रिकेटच्या उदाहरणात चेंडू टप्पा पडल्यावर वळतो आणि बॅटपर्यंत यायला 350 मिलिसेकंद उरतात असे मानले, तर फोनकडे पाहणाऱ्याला ते वळण पाहून फटका बदलायला तेवढा वेळ मिळतो, पण 158 मिलिसेकंद मागे असलेल्या टीव्हीकडे पाहणाऱ्याला 192 च मिळतात, आणि माणसाची पाहून प्रतिसाद देण्याची साधी गतीच साधारण 200 ते 250 मिलिसेकंदांची असते. संथ गोलंदाजाविरुद्ध तो टिकेल, वळणाऱ्या चेंडूवर मात्र त्याला आधीच पैज लावल्यासारखा फटका निवडावा लागेल. ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात परिस्थिती आणखी कठीण असते, कारण समोरचा खेळाडू त्याच क्षणी स्वतःच्या फोनकडे पाहत असतो आणि सर्व्हर दोघांनाही एकाच घड्याळाने तोलतो. अशा खेळासाठी डिस्प्लेपोर्टची केबल, गेम मोड आणि तारेचा गेमपॅड ही तिन्ही एकत्र नसतील तर टीव्ही प्रेक्षकांना द्यावा आणि खेळणाऱ्याने फोनकडे पाहावे.